साक्षीचं समन्स आलंय? पोलिसांचा जबाब, उलटतपास आणि 'फितूर' म्हणजे नेमकं काय

मी बीड जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात आणि अंबाजोगाईच्या सेशन कोर्टात फौजदारी कामं करतो. आरोपीचे वकील कोर्टातच राहतात, सरकारी वकील पण रोजचेच, जज साहेब पण. त्या हॉलमध्ये एकटा नवखा माणूस असतो तो साक्षीदार. त्याला कुणी काही सांगत नाही, आणि सांगितलं तर चुकीचं सांगतात. म्हणून हे लिहायलोय. सगळ्या प्रकारच्या साक्षींबद्दल नाही लिहीत, आपल्याकडं सगळ्यात जास्त जी केस होते तेवढीच घेतो, बांधावरची मारामारी, आणि त्यातला साधा बघणारा साक्षीदार.

आमच्या गावचे एक तात्या आहेत (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात). जून महिना, पेरणीची घाई, शेजारच्या दोन शेतकऱ्यांचा बांध कोरण्यावरून वाद झाला आणि एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर कत्ती मारली. तात्या आपल्या विहिरीवर मोटार चालू करायला गेलते, आरडाओरडा ऐकून पळाले आणि त्यांनी एक वार बघितला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, जबाब घेतला, गेले. तीन वर्षांनी तात्याच्या हातात समन्स. मी त्या केसमध्ये वकील नव्हतो, तात्याला धीर म्हणून सोबत गेलो आणि मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं.

समन्स हातात आल्यावर

आधी शांतपणे वाचा. त्यावर कोर्टाचं नाव, केस नंबर, आरोपीचं नाव, तारीख, वेळ, कोर्टाचा शिक्का आणि सही असते. तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय का आरोपी म्हणून हे पण त्यावरच लिहिलेलं असतं, आणि गावात अर्धे लोक तेवढं न वाचताच घाबरतात. आजकाल समन्स मोबाईलवर पण येऊ शकतं. खात्री करायची असंल तर `eCourts Services` ॲपवर केस नंबर टाकून तीच तारीख दिसते का बघा, नाहीतर पोलीस स्टेशनच्या पैरवीवाल्या जमादाराला विचारा, कोर्टाच्या तारखा त्याच्याकडं असतात.

तुम्ही घरी नसाल तर घरातल्या कुठल्याही सज्ञान माणसाकडं समन्स देता येतं. पूर्वी कायद्यात घरातला पुरुष असं होतं, आता बाईकडं दिलं तरी चालतं. आपल्या भागात इथंच घोळ होतो. दिवाळीच्या आसपास टोळी ऊसतोडीला जाते कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकात, घरी म्हातारी माणसं, समन्स त्यांच्याकडं येतं आणि ते देवळीत जाऊन बसतं. माणूस मार्च एप्रिलमध्ये गावी येतो तोवर त्याच्या नावानं वॉरंट निघालेलं असतं. तेव्हा घरच्यांना सांगून ठेवा की कोर्टाचा कागद आला की त्याच दिवशी फोटो काढून पाठवा. आणि खरंच येणं जमत नसंल तर तारखेच्या आधी सरकारी वकिलांच्या ऑफिसला नाहीतर पोलीस स्टेशनला कळवा आणि अर्ज द्या, की मी अमुक कारखान्याच्या हद्दीत तोडीवर आहे, अमुक महिन्यात परत येणारय. कोर्टाला पटलं तर तारीख पुढची मिळते, कधी व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष घ्यायचा पण विचार होतो. आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा.

न कळवता गैरहजर राहिलं तर आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, मग बिनजामीनाचं. कोर्टाच्या समन्सला मुद्दाम न जाणं हा स्वतंत्र गुन्हा पण आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड आहे. लगेच कुणाला जेलात टाकत नाहीत, पण पोलीस पहाटे दारात येतात आणि गावात चर्चा होते. वॉरंट निघालंच तर लपू नका, स्वतः कोर्टात हजर व्हा, कारण लिहून वॉरंट रद्द करायचा अर्ज द्या. स्वतःहून आलेल्या साक्षीदाराचं बहुतेक वेळा तिथंच मिटतं.

जाण्याआधी तुमचा पोलीस जबाब समजून घ्या

हा भाग सगळ्यात महत्त्वाचाय. पुढं उलटतपासात जे काही होतं आणि फितूर म्हणून जे काही म्हणतात ते सगळं या एका कागदाभोवती फिरतं.

तपासात पोलिसांनी तुम्हाला विचारलं आणि लिहून घेतलं, त्याला जबाब म्हणतात. हा जबाब शपथेवर नसतो आणि त्यावर तुमची सही घ्यायची नसते, कायद्यातच तसं आहे. का, तर इंग्रजांच्या काळापासून कायदा असं धरून चालतो की पोलिसांसमोर माणूस दबावात बोलू शकतो. म्हणून तो जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कोर्टात पुरावा म्हणजे तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून तोंडानं जे सांगाल ते. मग जबाबाचा उपयोग काय? फक्त एवढाच, की तुम्ही कोर्टात वेगळं बोललात तर तुम्हाला विचारता येतं, "तेव्हा असं सांगितलं होतं, आता असं का?"

आता अडचण अशी, की जबाब तुम्ही सांगता पण लिहितात जमादार साहेब, त्यांच्या भाषेत. तात्या त्या दिवशी म्हणलेते, "बापू खाली पडायलता आन् याच्या हातात कत्ती होती, एक मारलेली मी बघितली." कागदावर काय आलं? "सदर तिन्ही आरोपींनी संगनमत करून फिर्यादीस कत्ती व काठीने मारहाण करून जबर जखमी केले." तात्यानं ना तिघं मारताना बघितले ना काठी. आणि ते विहिरीवर मोटार चालू करायला गेलते, तिथून आवाज ऐकून पळाले, हे तर जबाबात आलंच नाही. प्रत्येक वेळी यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही, एकाचा जबाब लिहिला की बाकीच्यांचे पण त्याच वळणावर जातात. पण तीन वर्षांनी त्या एका ओळीचं ओझं तात्याच्या डोक्यावर येतं.

म्हणून तारखेच्या दिवशी थोडं लवकर जा आणि सरकारी वकिलांना भेटा. मनात जे आहे ते आधीच सांगा, "साहेब, मी एकाच माणसाला मारताना बघितलं, बाकीचे तिथं उभे होते." सरकारी वकिलाला हे आधी कळलेलं बरं असतं, त्यांना पण आणि तुम्हाला पण. पण जबाब पाठ करत बसू नका. बाहेर व्हरांड्यात कुणी हवालदार जबाब वाचून दाखवून "असंच बोला" म्हणायला लागला तर नको म्हणा. उलटतपासात पहिलाच प्रश्न येतो, "आज तुम्हाला जबाब वाचून दाखवला का, त्यावरूनच सांगताय का?" आणि तिथं खोटं बोललात तर पुढची खरी साक्ष पण डागाळते. सरकारी वकिलांना भेटलो होतो का, तर हो, भेटलो होतो. त्यात लपवायसारखं काही नाही.

पिंजऱ्यात: शपथ आणि सरतपास

पुकारा होईपर्यंत बाहेर बसा, दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष चालू असताना आत बसायचं नसतं. मोबाईल बंद. आधार कार्ड जवळ ठेवा. पिक्चरमध्ये दाखवतात तसा गीतेवर हात ठेवायला लावत नाहीत, १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणं "ईश्वरसाक्ष शपथ घेतो की खरे सांगेन" असं म्हणायचं असतं, आणि देवाचं नाव घ्यायचं नसंल तर "गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो" म्हणलं तरी तेवढंच वजन.

मग सरकारी वकील विचारतात, ती सरतपासणी. यात त्यांना उत्तर तोंडात घालणारे प्रश्न विचारता येत नाहीत. "आरोपीनं कत्तीनं मारलं ना?" असं नाही, "तुम्ही काय बघितलं?" असं विचारावं लागतं. तेव्हा गोष्ट तुम्हालाच सांगायचीय. हळू सांगा, कारण तुमचं वाक्य ऐकून जज साहेब ते टाइप करणाऱ्याला सांगतात आणि ते तुमच्याच तोंडची साक्ष म्हणून "मी" करून उतरतं. दोन वाक्यं बोला, टायपिंग थांबू द्या, मग पुढचं. काही कोर्टात समोर स्क्रीन असतो, वाचता येत असंल तर तिकडं नजर ठेवा.

आपल्या मापानं सांगितलं तरी चालतं. तात्याला वेळ विचारली तर ते म्हणले, "घड्याळ नव्हतं साहेब, दिवस कासराभर वर आलता." कोर्टानं लिहून घेतलं. अंदाजानं "सकाळी आठ वाजून दहा मिनिटं" म्हणले असते तर पुढं त्या दहा मिनिटांवरच अर्धा तास गेला असता.

उलटतपास

आता आरोपीचे वकील उठतात. साक्षीदाराला वाटतं हा माणूस माझा अपमान करायला उठलाय. तसं नसतं, मी स्वतः हेच काम करतो म्हणून सांगतो. त्यांना साधारण तीन गोष्टी दाखवायच्या असतात: तुम्हाला नीट दिसलं नसंल, तुमचं आधीचं आणि आताचं बोलणं जुळत नाही, आणि तुम्हाला या बाजूनं बोलायला काही कारण आहे. उलटतपासात त्यांना उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायची परवानगी असते आणि सरतपासात जे आलं त्याच्या बाहेरचं पण विचारता येतं. म्हणून "याचा काय संबंध?" असं उलटं विचारू नका, संबंध नसंल तर सरकारी वकील हरकत घेतील आणि जज ठरवतील. निव्वळ अपमान करायला विचारलेला नाहीतर घाणेरडा प्रश्न कोर्ट रोखू शकतं.

तात्याला असं विचारलं:

"तुमची विहीर आणि भांडणाची जागा यात किती फूट अंतर?"

"फूट नाही सांगता येत साहेब, मधे एक वावर आहे. हाक मारली तर ऐकू येती."

"म्हणजे शंभर फूट? पाचशे फूट?"

"फुटात सांगता येत नाही."

हे बरोबर केलं. आकडा माहीत नसंल तर आकडा देऊ नका, वकील दोन आकडे पुढं ठेवतात आणि घाबरलेला माणूस त्यातला एक उचलतो, मग घटनास्थळाच्या पंचनाम्यात तिसराच आकडा असतो. विहिरीवरून दिसलं का, असं विचारल्यावर तात्या म्हणले, विहिरीवरून नाही दिसलं, आवाज आला, पळत बांधापर्यंत गेलो तेव्हा दिसलं.

मग पुढं आलं तेच, ज्याची मला खात्री होती:

"तुम्ही मोटार चालू करायला गेला होता, आवाज ऐकून पळत आला, हे पोलिसांना सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं."

"ते तुमच्या जबाबात नाही. का नाही, कारण सांगू शकता का?"

"त्यांनी का लिहिलं नाही ते मी नाही सांगू शकत."

या शेवटच्या उत्तराचं साक्षीच्या कागदावरचं ठरलेलं रूप आहे: "तसे माझ्या जबाबात का लिहिलेले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." मराठीतल्या हजारो साक्षींमध्ये हे वाक्य दिसतं, त्याला घाबरायचं कारण नाही. कोर्टात सांगितलेली गोष्ट पोलीस जबाबात नसणं, याला वगळ म्हणतात. पुढं तपासी अंमलदार साक्षीला आले की वकील त्यांना विचारतात, साक्षीदारानं असं सांगितलं होतं का, आणि ते म्हणतात नाही. त्यावरून वकील म्हणणार की तात्यानं हे नंतर रचलं. पण प्रत्येक वगळ सारखी नसते. मोटार चालू करायला गेलो होतो हे राहून गेलं, ही बारीक गोष्ट. पण कत्ती कुणाच्या हातात होती हेच जबाबात नसतं आणि कोर्टात पहिल्यांदा सांगितलं असतं तर ती मोठी विसंगती झाली असती. कोर्ट तोच फरक बघतं.

इथं साक्षीदार एक चूक हमखास करतो. "का लिहिलं नाही" म्हणल्यावर त्याला वाटतं आपण काहीतरी कारण दिलंच पाहिजे, मग म्हणतो "पोलिसांनी पैसे घेतले असतील" नाहीतर "मी तेव्हा घाबरलो होतो". झालं, आता त्या नव्या वाक्यावर नवे दहा प्रश्न. जे माहीत नाही त्याचं कारण देऊ नका.

तीन उत्तरं वेगवेगळी आहेत, ती मिसळू नका. "बघितलं नाही" म्हणजे ती गोष्ट झाली का नाही मला माहीत नाही, माझ्या नजरेसमोर झाली नाही. "आठवत नाही" म्हणजे तेव्हा माहीत असंल, आता ध्यानात नाही. आणि "तसं झालं नाही" म्हणजे मी तिथं होतो आणि छातीठोकपणे सांगतो की झालं नाही. काठीबद्दल तात्यानं "काठी नव्हती" म्हणलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, कारण ते पोचायच्या आधी काय झालं ते त्यांना कुठं माहीत होतं? ते म्हणले, "मी काठी बघितली नाही." हे खरं आणि तेवढंच.

एका प्रश्नात दोन गोष्टी असतील तर तोडून उत्तर द्या. "हे खरंय ना की जखमी तुमच्या भावकीतला आहे म्हणून तुम्ही साक्ष द्यायला आलात?" यात पहिला भाग खरा, दुसरा नाही. नुसतं हो म्हणलं तर दोन्हीला हो. "भावकीतला आहे हे खरं. म्हणून आलो हे खरं नाही, समन्स आलं म्हणून आलो." आणि नातं, जुना वाद, उसनवारी असं काही असंल तर लपवू नका. तात्याचा स्वतःचा आरोपीच्या बापाशी कधीकाळी पाटाच्या पाण्यावरून वाद झालता, विचारलं तसं लगेच हो म्हणले, विषय तिथंच संपला.

शेवटी वकील एकामागून एक अशी वाक्यं टाकतात, "तुम्ही घटनेच्या वेळी तिथं हजरच नव्हता", "जखमीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देता". हा त्यांच्या बाजूचा बचाव असतो, तो साक्षीदारासमोर ठेवावा लागतो, तुमच्यावर वैयक्तिक राग नसतो. कितीतरी लोक इथं चिडतात, देवाच्या शपथा घ्यायला लागतात. नुसतं "हे म्हणणं खरं नाही" एवढंच म्हणायचं. उलटतपास अर्धवट राहून जेवणाची सुट्टी झाली नाहीतर पुढची तारीख पडली, तर मधल्या वेळात साक्षीबद्दल कुणाशीच बोलू नका, सरकारी वकिलांशी पण नाही.

उलटतपासात एखादी गोष्ट अर्धवट निघाली असंल तर सरकारी वकील त्यापुरती फेरतपासणी घेतात. ती दोनचार प्रश्नांची असते.

फितूर म्हणजे काय, आणि काय नाही

आता आधीच्या एका ठिकाणी परत येऊ. सरतपासातच तात्या म्हणले होते की मी एकालाच मारताना बघितलं, बाकी दोघांनी काय केलं ते बघितलं नाही. जबाबात तर "तिन्ही आरोपींनी" होतं. सरकारी वकील उठून म्हणले, साक्षीदार या मुद्द्यावर सरकार पक्षाला साथ देत नाही, त्याला उलट प्रश्न विचारायची परवानगी द्यावी. जज साहेबांनी दिली. मागच्या बाकावर बसलेली आमच्या गावची दोघंतिघं कुजबुजायला लागली, "तात्या फुटला."

तात्या फुटले नव्हते. कायद्यात फितूर साक्षीदार अशी व्याख्याच नाही. कायद्यात एवढंच आहे की ज्या पक्षानं साक्षीदार बोलावला त्या पक्षाला कोर्ट परवानगी देऊ शकतं, की समोरच्यानं विचारावेत तसे प्रश्न तुम्हीच तुमच्या साक्षीदाराला विचारा. जुन्या पुरावा कायद्यात ते १५४ कलम होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १५७. फितूर, होस्टाइल हे आपण बोलायला वापरतो ते शब्द. परवानगी मिळाल्यावर सरकारी वकिलांनी जबाबातला तो भाग वाचून दाखवला, त्याला कंस करून 'अ' अशी खूण केली, आणि विचारलं, असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? तात्या म्हणले, "नाही, मी एकाचंच सांगितलं होतं. तसं कसं लिहिलं ते मला सांगता येणार नाही." मग विचारलं, आरोपींशी गावात तडजोड झाली म्हणून बाकी दोघांना वाचवताय का? "नाही." झालं एवढंच. मग आरोपीच्या वकिलांचा उलटतपास, जो वर सांगितला.

आता दुसरा माणूस बघा. तोच जबाब, पण त्यानं सगळं स्वतः सांगितलेलं, आणि मधे गावच्या बैठकीत ठरलं की इतके पैसे घ्यायचे आणि साक्षीदारांनी कोर्टात "मला काही माहीत नाही" म्हणायचं. हा पिंजऱ्यात येतो, सरतपासात म्हणतो, "मी त्या दिवशी गावातच नव्हतो." त्याला पण तीच परवानगी, तेच कंस, तेच 'अ', 'ब', 'क'. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. पण तात्यानं शपथेवर खरं सांगितलं आणि यानं शपथेवर खोटं सांगितलं. कायद्याला त्रास आहे तो दुसऱ्याचा. खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती कारवाई कोर्ट स्वतः चौकशी करून सुरू करतं. पोलीस जबाब बिनसहीचा, बिनशपथेचा असल्यानं फक्त त्याच्याशी जुळलं नाही म्हणून सहसा कुणावर अशी कारवाई होत नाही. पण तुमचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर घेतलेला असंल (जुन्या भाषेत १६४ चा जबाब, आता १८३) आणि कोर्टात त्याच्या उलट बोललात, तर दोन शपथा समोरासमोर येतात आणि तिथं खरं अडचणीत येता. २००६ मध्ये गुजरातच्या बेस्ट बेकरी केसमध्ये वारंवार जबाब बदलणाऱ्या मुख्य साक्षीदाराला सुप्रीम कोर्टानं न्यायालयाच्या अवमानासाठी एक वर्षाची शिक्षा सुनावली होती.

बैठकीत मिटवायचा प्रश्न पण इथंच सांगतो, कारण आपल्याकडं साक्षीदारावर खरा दबाव तिथूनच येतो. गावचे मोठे माणसं म्हणतात, "दोन्ही घरचं मिटलंय, तू कशाला मधे." पण फौजदारी केस शासन विरुद्ध आरोपी अशी असते. किरकोळ मारहाणीसारखे काही गुन्हे दोन्ही बाजूंना कोर्टासमोर अर्ज देऊन मिटवता येतात, उघडपणे. धारदार हत्यारानं जबर दुखापत, खुनाचा प्रयत्न असले गुन्हे तसे मिटत नाहीत, त्यासाठी आरोपी आणि जखमी यांना मुंबई हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावं लागतं आणि ते मान्य करायचं का नाही हे हायकोर्ट ठरवतं. मिटवायचा अधिकृत रस्ता त्या दोन पक्षांचाय. साक्षीदाराच्या खोट्या शपथेतून जाणारा कुठलाच रस्ता नाही, आणि त्यात जोखीम एकट्या साक्षीदाराची.

लोकांना अजून एक गैरसमज असतो की साक्षीदार फितूर झाला म्हणजे त्याची साक्ष कचऱ्यात. तसं नाही. सुप्रीम कोर्टानं १९७६ पासून पुन्हा पुन्हा सांगितलंय की परवानगी दिली म्हणून साक्षीदाराची सगळी साक्ष पुसली जात नाही, त्यातला जो भाग विश्वासार्ह वाटतो तो कोर्ट वापरू शकतं. तात्याच्या केसमध्ये तेच झालं. कत्तीचा वार, मारणारा कोण, हे त्यांचं बोलणं डॉक्टरच्या जखमेच्या सर्टिफिकेटशी जुळलं. कोर्टानं त्यावर एकाला शिक्षा केली, बाकी दोघं सुटले. तात्यानं दबावात "तिघांनीच मारलं" म्हणलं असतं, तर उलटतपासात विहिरीच्या अंतरावरून काठीपर्यंत सगळं उघडं पडलं असतं आणि कत्तीवरचा विश्वास पण गेला असता.

धमकी आली तर

"कोर्टात खोटं बोल" म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हाय, भारतीय न्याय संहितेचं २३२ कलम, सात वर्षांपर्यंत शिक्षा. फोन आला असंल तर नंबर आणि वेळ लिहून ठेवा, मेसेज डिलीट करू नका. सरकारी वकिलांना सांगा, आणि साक्षीच्या वेळी जज साहेबांना तोंडी सांगितलं तरी ते नोंद घेतात. धोका मोठा असंल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये मान्य केलेली. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडं जातो, समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात आणि गरजेप्रमाणं गस्त, पोलीस सोबत, कोर्टात आरोपीशी नजरानजर होणार नाही अशी सोय, असं काहीतरी करतात. प्रत्येकाला घरावर बंदूकधारी मिळत नाही हे खरं, पण अर्ज दिल्यावर समोरच्याला कळतं की हा माणूस एकटा नाही, आणि माझ्या बघण्यात त्यानंच बऱ्याचदा फोन थांबतात.

सही करण्याआधी

साक्ष संपली की टाइप केलेली साक्ष वाचून दाखवतात नाहीतर वाचायला देतात, आणि पानापानावर सही किंवा अंगठा घेतात. गाडी सुटंल म्हणून घाई करू नका. तात्याच्या साक्षीत एका ठिकाणी "मी काठी पाहिली" असं उतरलं होतं, "नाही" राहून गेलं होतं. तात्यानं बोट ठेवून सांगितलं, साहेबांनी तिथंच दुरुस्ती करून घेतली. सही झाल्यावर हे सांगत बसलं असतं तर फार अवघड झालं असतं. सही करायच्या आधी सांगणं हा तुमचा हक्क आहे, पण बोललेलं बदलायचा नाही, फक्त चुकीचं उतरलेलं दुरुस्त करायचा.

मग कोर्टाच्या क्लार्ककडं दोन गोष्टी मागा: साक्षीदार भत्ता, म्हणजे प्रवासाचा आणि दिवसाचा खर्च, नियमाप्रमाणं मिळतो, आणि हजेरीचा दाखला, नोकरी करत असाल किंवा मुकादमाला दाखवायचा असंल तर. भत्ता फार नसतो आणि कधी कधी त्याच दिवशी मिळत नाही, तरी अर्ज देऊन या. बसचं तिकीट टाकून देऊ नका.

कधी कधी साक्ष झाल्यावर काही महिन्यांनी परत समन्स येतं, कारण कोर्टाला गरज वाटली तर झालेल्या साक्षीदाराला पुन्हा बोलावता येतं. तेव्हा मागच्या वेळी काय बोललो ते जुळवत बसायची गरज पडत नाही, जर मागच्या वेळी बघितलं तेवढंच बोलला असाल तर. तात्याला असं एकदा आलं, दोनच प्रश्न होते, दुपारच्या गाडीनं परत गावात.